"गोळीचं नाव सांगा," म्हणाले, पण स्ट्रिपवर नावच उरलं नव्हतं

मेडिकलवाला कात्रीनं स्ट्रिपच्या चार गोळ्या कापून पुडीत बांधून देतो, तेव्हा गोळीचं नाव बहुतेक वेळा त्याच्याकडच्या तुकड्यावर राहून जातं. रोज गोळी घेणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. घरातल्या लहान पोरानं ती गोळी खाल्ली की मात्र सगळं तिथंच अडतं. आमचं अडलं, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, शुगर आणि बीपी दोन्ही आहे. आठवडी बाजाराला गेले की ते आठवड्यापुरत्या सुट्या गोळ्या आणायचे. त्या प्लास्टिकच्या एका डबीत, डबी बंडीच्या खिशात आणि बंडी खुंटीवर. खुंटी चांगली उंच आहे, पण तिच्याखाली बंगई, म्हणजे झोपाळा. माझा लेक पावणेदोन वर्षांचा, वजन साडेदहा किलो. बंगईवर चढून उभं राहायचं तो नुकताच शिकला होता.

कापूस वेचणीचे दिवस, घरात मी आणि मामाजी. सकाळी साडेनऊला मी चुलीपासून उठून पाहते तर तो जमिनीवर बसलेला, डबी उघडी, गोळ्या पसरलेल्या, हनुवटीवरून पांढरट लाळ गळतेय आणि तोंड कडू झाल्यासारखं वेडंवाकडं.

मी आधी त्याच्या तोंडात पाहिलं. गालाशी गोळीचा एक ओला तुकडा होता, तो काढून वाटीत ठेवला. जे दिसतं तेवढंच काढायचं, घशात आंधळेपणानं बोट घालायचं नाही. तुकडा आत ढकलला जातो. ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, किती वाजले ते पाहिलं आणि १०८ लावला. तोवर शेजारच्या काकू मिठाचं पाणी घेऊन आल्या. "पाज माय त्याले, सारं ओकून टाकते." त्यांची कळकळ खरी होती, पण १०८ वरच्या डॉक्टरांनी फोनवरच बजावलं, उलटी काढायची नाही. पोर गुंगीत गेलं तर ओकलेलं फुफ्फुसात जातं. आणि एवढ्याशा जिवाच्या रक्तात मीठ वाढलं तर ते मेंदूला लागतं, मिठाच्या पाण्यानं लेकरं दगावलेली आहेत. दूध, लिंबू, तूप हेही कोणी सांगितलं तरी पाजायचं नाही.

गोळ्या मोजल्या. मामाजींच्या हिशेबानं नऊ असायला हव्या होत्या, सात सापडल्या. म्हणजे जास्तीत जास्त दोन पोटात. "एखादी पलंगाखाली गेली असेल" असं धरून चालायचं नाही. जे सापडत नाही ते पोटात गेलं असंच सांगायचं. ॲम्ब्युलन्सला वेळ लागणार होता, म्हणून शेजारच्यांची बोलेरो काढली. डबी, ओला तुकडा, कापलेल्या स्ट्रिपचे रिकामे तुकडे, सगळं एका पिशवीत घेतलं.

ग्रामीण रुग्णालयात लगेच पाहिलं, ते मी मानते. नाडी, बीपी, बोटातून रक्त काढून शुगर. शुगर ९४. आणि मग तो प्रश्न, "गोळीचं नाव काय?"

मी तुकडे पुढे केले. एकावर नुसता एमआरपीचा अर्धा आकडा, दुसऱ्यावर कंपनीच्या नावाची शेवटची अक्षरं, बाकी कोरी चांदी. डबीत दोन प्रकारच्या गोळ्या, एक मोठी पांढरी आणि एक बारीक गुलाबी. शुगरची कोणती आणि बीपीची कोणती, हे मामाजींना "सकाळची" आणि "रातची" एवढंच माहीत. डॉक्टरची चिठ्ठी होती, पण जुनी. मधे गोळी बदलली होती. आमचे हे शेतातून थेट त्या मेडिकलवर गेले. तिथं उत्तर मिळालं, "दादा, रंगावरून कसं सांगू? या आठवड्यात तीन कंपन्यांचा माल विकला." बिल नव्हतंच. सुट्या गोळ्यांचं बिल मागायचं कोणाच्या मनात येत नाही आणि द्यायचंही. मेडिकलवाल्याचं एक म्हणणं मात्र खरं होतं: एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या रंगात काढतात. रंगावरून गोळी ओळखता येत नाही. कोणी ओळखून दिली तरी त्यावर विसंबू नये.

इकडे हे फोनवर फोन करताहेत, तिकडे लेक माझ्या मांडीवर बिस्किट खात हसतोय. साडेअकरा वाजले. ड्युटीवरचे डॉक्टर येऊन म्हणाले, "शुगर नॉर्मल आहे, खेळतो आहे, दोन तास झाले. घरी न्या, काही वाटलं तर आणा." नर्सताईंनीही री ओढली, "अवो ताई, पोरगा तं हसून ऱ्हायला. काहून घाबरता?"

मी उठले नाही. रात्री काही झालं तर आमच्या गावाहून इथवर यायला गाडी कुठून आणायची? आणि गोळी कोणती तेच माहीत नाही, तर काय "वाटेल" याची वाट पाहायची, हे मला कोणी सांगेना. नाव नाही म्हणून उपचार ठरत नव्हता आणि उपचार ठरत नाही म्हणून घरी पाठवत होते. या एका गाठीपाशी सगळे थांबले होते.

ती गाठ एका फोननं सुटली. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. नंबर १८०० ११६ ११७, फुकट, रात्रंदिवस. आमच्या आशाताईंनी तो नंबर मला फोनवर पाठवला. पलीकडच्यांशी मी मोडक्या हिंदीत बोलले. त्यांनी गोळीच्या नावावर अडून न बसता विचारलं: मूल केवढं, वजन किती, किती वाजता, जास्तीत जास्त किती गोळ्या, आता कसं आहे, आणि घरात कोणाला कोणकोणते आजार आहेत. शुगर आणि बीपी म्हटल्याबरोबर ते म्हणाले, मग शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडच्या जातीची गोळी पोटात गेली असं धरूनच चाला, ती नाही हे पक्कं होईपर्यंत. फोन डॉक्टरांकडे द्या.

मी दिला. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि केसपेपरवर लिहिलं: दर तासाला शुगर, बीपी, चोवीस तास भरती.

कारण त्यांनी नंतर मला नीट समजावलं. या जातीची गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, शरीराला गरज असो वा नसो. मोठ्या माणसाची चढलेली शुगर त्यानं खाली येते. पोराची शुगर मुळात चढलेलीच नसते आणि त्याच्या यकृतात साखरेचा साठाही थोडका. एवढ्या वयात शुगर धोक्याइतकी उतरवायला एक गोळीसुद्धा पुरते. आणि परिणाम उशिरा दिसू शकतो, पोर खातपीत असेल तर आणखी उशिरा. म्हणून दोन तासांची नॉर्मल शुगर पाहून घरी जायचं नसतं.

दीड वाजता शुगर ७१. अडीचच्या सुमारास तो किरकिरायला लागला, मग एकदम गप्प. डोळे मिटायला लागले. "झोपेची वेळ आहे," म्हणाल्या नर्सताई. होतीच झोपेची वेळ. पण मानेखाली हात घातला तर केस घामानं ओलेचिंब, आणि तळपाय गार. दिवाळीनंतरची हवा, वर पंखा. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बोट टोचा. ४३.

तोंडानं काही देण्यासारखी त्याची शुद्ध नव्हती, म्हणून शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्याच वेळात त्यानं डोळे उघडले आणि सुईच्या हाताकडे पाहून भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून मी भिंतीला टेकून खाली बसले. लागलीच ग्लुकोजचं सलाइन चालू ठेवलं, कारण ग्लुकोज दिल्यावर शुगर चढते आणि गोळी पुन्हा इन्सुलिन सोडायला लावते. संध्याकाळी ती परत ५८ वर आलीच. सलाइन वाढवलं, जिल्ह्याला पाठवायचा कागदही तयार ठेवला, पण रात्री शुगर टिकली. सकाळी सलाइन कमी करत आणलं, बंद केल्यावरही काही तास तपासलं आणि दुपारनंतर सोडलं.

मधेच पोलीस चौकीतून एक दादा बयान घ्यायला आले तेव्हा मामाजी थरथरायला लागले. विषबाधेची नोंद दवाखान्याला एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस, म्हणून करावी लागते, नुसत्या त्या नोंदीनं कोणावर गुन्हा लागत नाही. आमच्याकडे या नोंदीच्या भीतीनं लोक "ताप होता" म्हणून सांगतात आणि डॉक्टरला चुकीच्या वाटेला लावतात. खरं सांगा, आजीची गोळी असो की फवारणीचं औषध.

आता घरात सगळी औषधं कपाटात कुलूप लावून असतात, मामाजींचीही. नुसतं उंच ठेवून भागत नाही. पोर खुर्ची ओढतं, पोत्यावर चढतं. गोळी घेतली की स्ट्रिप त्याच क्षणी आत, उशीखाली नाही, टीव्हीवर नाही. पाहुण्या आल्या की त्यांची पिशवीही कपाटावर नाही, कपाटात. आत्याबाईंच्या पिशवीत गोळ्या असतातच. डबीत सुट्या गोळ्या बंद. पैसे कमी असले तर कमी गोळ्या विकत घ्या, पण नाव असलेला तुकडा मागा आणि बिल घ्या. मेडिकलवाला कुरकुरला तर कुरकुरू द्या. मी प्रत्येक गोळीचा स्ट्रिपसकट फोटो काढून ठेवलाय आणि "सकाळची शुगर", "रातची बीपी" असं पेनानं स्ट्रिपवरच लिहिते. औषध पाजताना "चॉकलेट आहे" म्हणणं आम्ही सोडलं. आणि पोर गुंगीत असेल किंवा झटके येत असतील तर कुशीवर निजवा, तोंडात काहीच घालू नका, आधी १०८.

एक राहिलं. गरोदर बाईच्या घरात आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या असतात. वरून साखरेचा थर असतो, त्या कडू लागत नाहीत म्हणून पोर थुंकत नाही, एकामागून एक खातं. त्यांचं वागणं शुगरच्या गोळीपेक्षा वेगळं आहे: पहिल्या काही तासांत उलट्या, जुलाब, कधी रक्त, मग पोर सावरल्यासारखं दिसतं आणि त्यानंतर खरं बिघडतं. मधल्या त्या बऱ्या वाटण्यावर घरी नेऊ नका. तिथं डॉक्टरला गोळीचं नाव आणि किती मिलिग्रॅम लोह ते सांगावं लागतं, कारण धोका वजनाच्या हिशेबानं ठरतो. सरकारी लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असतं, ते पाकिटावर लिहिलेलं आहे. पाकीट फेकू नका.