‘त्यांना’ म्हणजे कोणाला? संमतीपत्राच्या सूचनेतलं एक वाक्य

अतिवृष्टीच्या अनुदानासाठी आधार, पासबुक, आठ-अ आणि ई-केवायसी हे सगळं आमच्या गावात सुरळीत पार पडलं. अडलं ते सामाईक खात्यांपाशी, म्हणजे एकाच जमिनीवर अनेकांची नावं असलेल्या खात्यांपाशी. तिथे अडवणारी गोष्ट म्हणजे कार्यालयाबाहेर चिकटवलेल्या सूचनेतलं एकच वाक्य. गावातले लोक माझ्याकडे कागद वाचून घ्यायला येतात, आणि या एका वाक्याने जेवढा वेळ खाल्ला तेवढा बाकी सगळ्या अर्जांनी मिळून खाल्ला नाही. त्याचा राग अजून गेलेला नाही. वाक्य असं होतं:

“ज्या सामाईक खात्यातील ज्या खातेदाराच्या नावे अनुदान जमा करावयाचे आहे त्यास ज्या सहखातेदारांनी संमती दिलेली नाही, त्यांचे संमतीपत्र जोपर्यंत तो ते सादर करीत नाही तोपर्यंत त्या खात्यावरील जे अनुदान मंजूर झाले आहे ते त्यांना वितरित करण्यात येणार नाही.”

असं वाक्य सुरुवातीपासून वाचत गेलं की तिसऱ्या ‘ज्या’पाशी माणूस हरवतो. म्हणून ते शेवटाकडून वाचायला घ्यावं. मराठीत मुख्य क्रियापद बहुतेक वेळा अगदी टोकाला असतं. इथे ते ‘वितरित करण्यात येणार नाही’ हे आहे. त्यालाच तीन प्रश्न विचारायचे. काय वितरित होणार नाही? ते अनुदान. कुठवर? ‘तोपर्यंत’. कोणाला? ‘त्यांना’. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं सरळ मिळतात. तिसऱ्याने घोळ घातला, पण त्याआधी जोड्या लावून घ्याव्या लागतात.

पेन्सिल घ्या. प्रत्येक ज-शब्दाभोवती गोल करा आणि प्रत्येक त-शब्दाखाली रेघ मारा. या वाक्यात ज-शब्द 5 आहेत: ज्या, ज्या, ज्या, जोपर्यंत, जे. त-शब्द 8 आहेत: त्यास, त्यांचे, तो, ते, तोपर्यंत, त्या, ते, त्यांना. त-शब्द जास्त असले म्हणजे वाक्य चुकलं असं नाही. एकाच खातेदाराचा उल्लेख पुढे दोनदा आला तर त्याला दोन त-शब्द लागतात. पण जे शिल्लक उरतात त्यांच्यावर डोळा ठेवायचा, कारण गोंधळ तिथेच दडलेला असतो.

सर्वांत आधी जोपर्यंत-तोपर्यंत ही जोडी बाजूला काढा. ती वेळेची जोडी आहे, तिच्यातला ‘तो’ म्हणजे कोणी माणूस नव्हे. जेव्हा-तेव्हा, जर-तर, जिथे-तिथे यांचंही तसंच. त्या काढल्या की व्यक्ती आणि वस्तू दाखवणाऱ्याच जोड्या उरतात.

या उरलेल्या जोड्या लिंग आणि वचन जुळवून लावायच्या, विभक्ती जुळवून नाही. लोक नेमके इथे फसतात. ‘ज्याच्या’ला ‘त्याच्या’च हवा असं वाटतं, पण ज-शब्दाची विभक्ती त्याच्या स्वतःच्या वाक्यातल्या कामावर ठरते आणि त-शब्दाची त्याच्या वाक्यातल्या कामावर. ‘ज्याच्या हाती ससा तो पारधी’ या म्हणीत एकीकडे ‘ज्याच्या’ आहे आणि दुसरीकडे नुसता ‘तो’. तरी माणूस एकच, कारण दोन्ही पुल्लिंगी एकवचनी आहेत. त्याच न्यायाने ‘ज्या खातेदाराच्या नावे’ची जोडी ‘त्यास’शी लागते.

‘ज्या’ हा या सगळ्यात फसवा शब्द. त्याच्या नुसत्या रूपावरून लिंगही कळत नाही आणि वचनही कळत नाही. आपल्या वाक्यातलाच पहिला ‘ज्या’ खात्यासाठी आहे, म्हणजे नपुंसकलिंगी एकवचन. दुसरा खातेदारासाठी, म्हणजे पुल्लिंगी एकवचन. तिसरा सहखातेदारांसाठी, म्हणजे अनेकवचन. तिन्ही दिसायला एकसारखे. म्हणून ‘ज्या’ दिसला की थेट पुढच्या नामाच्या शेपटीकडे बघायचं. ‘खातेदाराच्या’ आणि ‘सहखातेदारांनी’ यांच्यातला वचनाचा फरक एका अनुस्वारात आहे. सूचनेच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ते टिंब सगळ्यांत आधी उडतं. ‘त्यांचे’चं ‘त्याचे’ झालं की अनेकांवरची अट एकट्यावर येऊन बसते. शंका आली तर फलकावरच्या मूळ कागदाशी ताडून बघावं, मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोवर विसंबू नये.

आता जोड्या. ‘ज्या खात्यातील’ला ‘त्या खात्यावरील’, ‘ज्या खातेदाराच्या’ला ‘त्यास’, ‘ज्या सहखातेदारांनी’ला ‘त्यांचे’, आणि ‘जे अनुदान’ला लगेच मागून आलेलं ‘ते’. यातली पहिली जोडी फार लांब पसरली आहे, ज-शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणि त्याचं उत्तर शेवटाजवळ. दुसरीत ‘त्यास’ हे उत्तर पुढच्या ज-वाक्याच्या पोटात शिरलं आहे. वाचताना धाप लागते ती या दोन ठिकाणी.

पडताळा क्रियापदांवरून घ्यावा. क्रियापदं पाच आहेत: जमा करावयाचे आहे, दिलेली नाही, सादर करीत नाही, मंजूर झाले आहे, वितरित करण्यात येणार नाही. शेवटचं मुख्य वाक्याचं, म्हणजे ज-वाक्यं चार झाली. ज-शब्द मात्र पाच, कारण पहिले दोन ‘ज्या’ एकाच क्रियापदावर आहेत. हिशोब बसला. बसला नसता तर कुठेतरी क्रियापद गाळलं आहे किंवा त-शब्द खाल्ला आहे असं समजायचं.

जोडीविना उरले तीन: तो, पहिलं ‘ते’ आणि ‘त्यांना’. ‘तो’ पुल्लिंगी एकवचनी आहे आणि वाक्यात तसा खातेदार एकच, म्हणजे तोच. ‘ते’साठी खाते, अनुदान आणि संमतीपत्र असे तीन नपुंसकलिंगी उमेदवार आहेत, पण खातेदार ‘सादर’ करतो ते संमतीपत्रच. खरं तर हे ‘ते’ फुकटचं आहे. ते खोडलं तरी अर्थाला धक्का लागत नाही.

मग राहतो ‘त्यांना’. मागे सगळ्यांत जवळचं अनेकवचनी नाम ‘सहखातेदारांनी’ हे आहे. व्याकरणाने बघितलं तर अर्थ असा निघतो की ज्यांनी संमती दिली नाही फक्त त्यांना पैसे मिळणार नाहीत. गावातही बहुतेकांनी तोच घेतला. “ज्याईनं सही नाही केली त्याईलेच नाही भेटत ना पैसे? मंग आमचे कायले थांबवता?” हा प्रश्न अगदी बरोबर होता. दुसरा अर्थ असा की खात्यातल्या कोणालाच मिळणार नाही. पण ‘सर्व खातेदार’ असा शब्द वाक्यात कुठेच नाही, मग ‘त्यांना’ बोट दाखवणार कोणाकडे? तिसरी शक्यता म्हणजे ‘त्यांना’ हे त्या एका खातेदाराला आदराने म्हटलं असेल. ती मात्र याच वाक्याने बाद होते, कारण त्याला मागे ‘त्यास’ आणि ‘तो’ म्हटलं आहे. एकाच वाक्यात आधी ‘तो’ आणि पुढे ‘त्यांना’ असा आदर कोणी देत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या अर्थातला फरक कागदापुरता नव्हता. बापाच्या पश्चात वारसाने खात्यावर नावं लागतात आणि लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या बहिणीचंही नाव त्यात असतं. पहिला अर्थ खरा असेल तर तिच्या सहीविना भावांचं अनुदान मोकळं होतं. दुसरा खरा असेल तर सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत गाडी काढून तिच्याकडे जाऊन सही आणावी लागते. खिडकीवर विचारलं तर एकजण पहिला अर्थ सांगायचा आणि दुसरा दुसरा. दोघंही मान वर न करता “सूचनेत लिहिलं आहे, वाचून घ्या” म्हणायचे. लोक ते वाचूनच आले होते.

इथे जोड्या लावण्याचं तंत्र संपतं, आणि वाक्य स्वतःबद्दल काय सांगतं ते बघावं लागतं. सुरुवातीलाच म्हटलं आहे की अनुदान ‘खातेदाराच्या नावे’ जमा करायचं, म्हणजे एका खात्याचं अनुदान एकाच माणसाच्या बँकेत जाणार. मग सहखातेदारांचे वेगळे हिस्से वितरित होण्याचा प्रश्नच उरत नाही आणि फक्त त्यांचे पैसे थांबवणं शक्य नाही. म्हणून दुसरा अर्थ. व्याकरण एकीकडे ओढतं आणि व्यवहार दुसरीकडे, तेव्हा आपण काढलेल्या अर्थावर पैसे किंवा मुदत सोडायची नाही. लेखी विचारायचं. आम्ही अर्जात वाक्य जसंच्या तसं उतरवलं, ‘त्यांना’खाली रेघ मारली आणि दोनच पर्याय दिले: (अ) केवळ संमती न दिलेल्या सहखातेदारांना, (ब) त्या खात्यातील सर्व खातेदारांना, यापैकी कोणता अर्थ अभिप्रेत आहे ते कळवावे. पोच घेतली. ‘खुलासा करावा’ असं मोघम लिहिलं असतं तर तेच वाक्य पुन्हा छापून आलं असतं. पर्याय दिल्यामुळे उत्तर एका अक्षरात द्यावं लागलं: (ब). ते हाती आलं तेव्हा फार बरं वाटलं.

त्यानंतर पंचायतीच्या फळ्यावर हे लिहिलं:

“सामाईक खात्याचे अनुदान एकाच खातेदाराच्या बँक खात्यात जमा होईल. त्यासाठी बाकी सर्व सहखातेदारांची लेखी संमती लागेल. संमतीपत्रे त्या खातेदारानेच आणून द्यायची आहेत. एकाही सहखातेदाराचे संमतीपत्र कमी असेल तर त्या खात्याचे संपूर्ण अनुदान थांबेल.”

यात ज-शब्द एकही नाही. पण ज-शब्द टाळायचे म्हणून सगळीकडे ‘केलेला’, ‘दिलेला’ घालू नका. ‘संमती दिलेला खातेदार’ म्हणजे ज्याने संमती दिली तो, की ज्याला संमती दिली तो? दोन्ही अर्थ होतात. इथे तर एक देणारा आणि एक घेणारा असे दोन्ही खातेदारच. अशा जागी ‘ज्याने दिली तो’ हेच लिहावं. ‘जो-तो’ची जोडी मुळात वाईट नाही. आमच्या वऱ्हाडी बोलण्यात ती सारखी येते, फक्त एका ज-शब्दामागे त्याचं उत्तर लगेच येतं आणि मगच दुसरा ज-शब्द निघतो. लिहिताना तेवढं पाळलं तरी वाक्य कितीही लांबवता येतं.

जोपर्यंतच्या वाक्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. ‘जोपर्यंत सादर करीत नाही तोपर्यंत मिळणार नाही’ यात दोन ‘नाही’ आहेत. वाक्य सोपं करताना ते दोन्ही एकदम काढायचे आणि ‘सादर केल्यावरच मिळेल’ असं लिहायचं. त्यातला ‘च’ सोडू नका. ‘सादर केल्यावर मिळेल’ एवढंच लिहिलं तर सादर न करताही मिळेल असं समजून घ्यायला वाव राहतो.