नाकाला काम

आमच्या कार्यालयातील वरिष्ठ लिपिक अण्णा निवृत्त होणार होते आणि शाल-श्रीफळाबरोबर त्यांचे एक अर्कचित्र द्यावे, असे ठरले. चित्र काढण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले. मला 'व्यंगचित्र'पेक्षा 'अर्कचित्र' हा शब्द अधिक आवडतो, कारण पहिल्यात व्यंग शोधण्याची मुभा गृहीत धरलेली वाटते, तर दुसऱ्यात माणसाचा अर्क काढायचा असतो, आणि तो काढणे बरेच अवघड असते.

माझ्या हाती तीन छायाचित्रे आली. ओळखपत्रावरचे छायाचित्र मी लगेच बाजूला ठेवले, कारण त्यात अण्णा फक्त श्वास रोखून बसले होते. दुसरी सेल्फी होती. ती पाहून मोह झाला, कारण तिच्यात नाक चांगले टपोरे दिसत होते. परंतु हातभर अंतरावरून फोटो काढला की नाक भिंगाच्या फार जवळ येते आणि कान तुलनेने दूर राहतात, त्यामुळे नाक फुगते आणि कान मागे लपतात. अशा फोटोवरून चित्र काढणे म्हणजे भिंगाने आधीच केलेली अतिशयोक्ती पुन्हा वाढवणे होय, आणि त्यात माणसाशी असलेले साम्य हरवते. तिसरा फोटो कोणीतरी सहा-सात फुटांवरून, अण्णा एका फायलीतून मान वर करून पाहत असताना टिपला होता. तोच मी निवडला.

छापलेल्या फोटोत डोक्याची उंची 12 सेंटिमीटर भरली. सर्वसाधारण चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात, म्हणजे येथे माथ्यापासून 6 सेंटिमीटरवर असायला हवे होते. अण्णांचे ते 7 वर होते, कारण कपाळ भव्य आणि केस विरळ. अतिशयोक्तीचा साधा नियम असा की माणूस सर्वसाधारण मापापासून जिथे ढळतो, तिथेच त्याला आणखी ढकलायचे. म्हणून मी 1 सेंटिमीटरचा फरक दुप्पट करून डोळे 8 वर आणले. परंतु डोक्याची उंची तेवढीच ठेवायची असल्याने नाक, ओठ आणि हनुवटी यांना आता केवळ 4 सेंटिमीटर उरले. नाकाला खाली जागाच नसल्याने मी ते आडवे पसरवले, त्याच भरात पुढचे दात मोठे केले, आणि डोळ्यांच्या जागी दोन ठिपके ठेवले. शेजारच्या टेबलावरचा मित्र चित्र पाहून खो खो हसला. हसू ओसरल्यावर मात्र तो म्हणाला, "वहिनी हे भिंतीवर लावणार नाहीत."

तो खरे बोलत होता. कपाळ, नाक आणि दात अशा तिन्ही गोष्टी मी एकाच वेळी फुगवल्या होत्या. डोळे मात्र रिकामे राहिले होते, त्यामुळे चित्रातला माणूस कोणाकडेच पाहत नव्हता, लोक तेवढे त्याच्याकडे पाहत होते. इटालियन भाषेतल्या ज्या क्रियापदावरून या चित्रप्रकाराचे युरोपीय नाव आले, त्याचा अर्थ लादणे, भरणे असा होतो. मी तर चेहऱ्याची पुरती बैलगाडी केली होती.

मग मी फोटोकडे पुन्हा पाहिले. अण्णांची खरी ओळख नाकात नव्हती, तर नाकाच्या शेंड्यावर घसरलेल्या चष्म्यावरून वर उचलल्या जाणाऱ्या नजरेत होती. एखाद्या अर्जात चूक सापडली की ते तसेच पाहत, आणि चूक आपली असली तरी भीती न वाटता दिलासा वाटे. म्हणून दुसऱ्या चित्रात मी कपाळाचा हट्ट सोडला आणि डोळे पुन्हा 6 वर नेले. खाली मोकळ्या झालेल्या 6 सेंटिमीटरपैकी 4 नाकाला दिले, परंतु आता ते उतारासारखे लांब आणि अरुंद होते, आणि चष्मा त्याच्या अगदी टोकाशी अडकला होता. नाक पहिल्यापेक्षाही मोठे होते, तरी कोणाला ते खुपले नाही, कारण त्याला काम मिळाले होते.

चष्म्याच्या वर जी जागा निर्माण झाली, तीत डोळे मोठे काढले, भुवया उंच चढवल्या आणि प्रत्येक बुबुळात पांढरा ठिपका कोरा सोडला. बाहेरची रेघ जाड ब्रशपेनने, तर डोळ्यांभोवतीची बारीक निबने ओढली. सुरकुत्यांबाबत मी कंजूष असतो, कारण फोटोत सौम्य दिसणारी छटा शाईत रेघ झाली की वय दहा वर्षांनी वाढते. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या, हसण्याने पडलेल्या दोन ठेवल्या आणि डोळ्यांखालच्या गाळल्या. दात ओठांआड गेले. बाहेर आलेले कानही लोकांना चिडवायला सोपे पडतात, म्हणून मी ते लहान करून डोक्याला चिकटवले. नाव न सांगता चित्र शिपायाला दाखवले. त्याने एका क्षणात ओळखले आणि नकळत शर्टाचे वरचे बटण लावले.

समारंभात अण्णांनी चित्र बराच वेळ निरखले. नाकाबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

"कान कुठे गेले हो?" त्यांनी विचारले. "नातू तर तेच धरून माझ्या खांद्यावर बसतो."