कापलेल्या फोटोत न कापलेली आत्या

बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या आमच्या स्टुडिओत हल्ली निम्मी गिऱ्हाइकं फोटो नाही, लिंक घेऊन येतात. त्या दिवशी आलेल्या काकांनीही फोन पुढे केला. आईच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी बारा बाय अठराची प्रिंट हवी होती. नातवाने फोटो कापून, एका फुकट साइटवर मागचं सगळं काढून पांढरं करून घेतलं होतं आणि तीच लिंक घरच्या ग्रुपवर टाकली होती.

मी दुकानाच्या कॉम्प्युटरवर लिंक उघडली. ना लॉगिन, ना पासवर्ड. पानावर मधोमध सरकणारी रेघ होती, एका बाजूला अपलोड केलेला फोटो, दुसऱ्या बाजूला सुधारलेला. सुधारलेल्यात आजींच्या केसांच्या कडा खाल्ल्या गेल्या होत्या, म्हणून मी अपलोड केलेला उतरवून घेतला. छापण्याआधी रंगाचं प्रोफाइल बघायची सवय आहे, तेव्हा फाइलमधली लपलेली माहिती वाचणारं exiftool चालवलं:

```
exiftool -a -G1 -s aaji.jpg
```

फोनचं मॉडेल, फोटोची तारीख आणि सेकंदापर्यंत वेळ निघाली. खाली `GPSLatitude` आणि `GPSLongitude` होते. 22 अंश 19 मिनिटं उत्तर, पुढे सेकंद, तेही दशांशात. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण 31 मीटर, म्हणून दशांशातला आकडा गल्ली नाही, घर दाखवतो. नकाशात टाकल्यावर कारेलीबागेतलं काकांचं छप्पर आलं. घराबाहेर काढलेला फोटो असेल तर खूण बऱ्यापैकी अचूक बसते, आतल्या खोलीतला असेल तर दोन-चार घरं इकडेतिकडे होते.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ही माहिती गळून जाते, त्यामुळे फोटोसोबत पत्ता जातच नाही असं लोकांना वाटतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळं तसंच जातं. नातवाने तर केबल लावून फाइल लॅपटॉपवर घेतली होती आणि तिथून साइटवर चढवली होती, म्हणजे अख्खी फाइल गेली.

यादीत अजून एक ओळ होती, `ThumbnailImage`. गॅलरीत झटपट दिसावी म्हणून कॅमेरा फाइलच्या पोटात फोटोची एक छोटी प्रत ठेवतो. ती अशी बाहेर काढता येते:

```
exiftool -b -ThumbnailImage aaji.jpg > thumb.jpg
```

विंडोजवर हे साध्या `cmd` खिडकीत करावं. जुन्या पॉवरशेलमध्ये `>` मुळे फाइल बिघडते आणि आत काही नव्हतंच असं वाटतं.

छोट्या प्रतीत आजी एकट्या नव्हत्या. शेजारी काकांची बहीण, नातवाची आत्या, बसली होती, किमोमुळे डोक्यावर एक केस नव्हता. फोटो कापला होता तो नेमका तिच्यासाठी. ‘असा फोटो कुणाला दाखवायचा नाही’ असं तिने घरात बजावलं होतं.

झालं असं होतं, की कापणाऱ्या अ‍ॅपने मोठं चित्र कापलं, पण फाइलच्या सुरुवातीचा माहितीचा कप्पा, म्हणजे एक्झिफ, जसाच्या तसा उचलून नव्या फाइलला चिकटवला. छोटी प्रत त्याच कप्प्यात असते. बरीच अ‍ॅप्स ती नव्याने बनवतात, काही बनवत नाहीत. जेपेगमध्ये हा कप्पा 64 केबीपेक्षा मोठा होऊ शकत नाही, पण तेवढ्यात चेहरा ओळखता येईल असं चित्र सहज मावतं. ही प्रत 512 बाय 384 पिक्सेलची होती. भिंतीवरच्या कॅलेंडरावरची अक्षरं लागत नव्हती, आत्या मात्र लख्ख दिसत होत्या.

काकांना दाखवलं तेव्हा ते आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘लिंक काढून टाका, हो.’

नातवाला फोन करून त्याच्या खात्यातून फोटो डिलीट करायला लावला. पान लगेच ‘सापडत नाही’ म्हणू लागलं. बहुतेक जण इथे थांबतात. मी मात्र चित्राचा थेट पत्ता आधीच उतरवून ठेवला होता. तो इन्कॉग्निटो खिडकीत टाकला आणि चित्र आलं! साधी खिडकी वापरली असती तर आपल्याच ब्राउझरने साठवलेली प्रत दिसली असती आणि काही कळलं नसतं. F12 दाबून नेटवर्कच्या कप्प्यात त्या चित्राच्या ओळीवर क्लिक केल्यावर सर्व्हरचं उत्तर दिसलं:

```
cache-control: max-age=604800
age: 93600
```

मोठ्या साइट चित्रांच्या प्रती गावोगावच्या सर्व्हरवर ठेवतात, म्हणजे पान लवकर उघडतं. मूळ जागेवरून फोटो गेला तरी या प्रतींना ते मुद्दाम कळवावं लागतं, नाहीतर मुदत संपेपर्यंत त्या तशाच राहतात. इथे मुदत 604800 सेकंद, म्हणजे सात दिवस होती. 93600 सेकंद, म्हणजे 26 तास झालेले. उरले 142 तास, सहा दिवसांना थोडे कमी. मी त्याप्रमाणे काकांना तारीख सांगितली. त्या दिवशी पत्ता तपासला तर 404, म्हणजे ‘सापडत नाही’ आला.

यातून फक्त ती उघडी प्रत गेली हे कळतं. साइटच्या बॅकअपमध्ये काय आहे, फोटो चेहरे ओळखणाऱ्या मॉडेलला शिकवायला वापरला का, हे बाहेरून दिसत नाही. अमेरिकेत एव्हर नावाच्या फोटो अ‍ॅपबाबत 2021 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने फोटोंसोबत त्यांच्यावर बनवलेली मॉडेलंही नष्ट करायला लावली होती. नुसता फोटो पुसून त्यातून शिकलेलं पुसलं जात नाही.

तेव्हापासून दुकानातून कुठेही फाइल चढवायची वेळ आली तर आधी हे करतो:

```
exiftool -all= -tagsfromfile @ -Orientation -ICC_Profile aaji.jpg
```

सगळी माहिती आणि छोटी प्रत निघून जाते, फक्त फोटोची दिशा आणि रंगाचं प्रोफाइल राहतं. नुसतं `-all=` दिलं तर उभा फोटो आडवा होतो आणि नव्या फोनचे रंग फिके पडतात. एक गोची आहे. शेजारीच `aaji.jpg_original` नावाने जुनी फाइल राहते. आमच्या पोराने एकदा तीच नाव बदलून चढवली होती. स्क्रीनशॉट काढूनही माहिती जाते, पण 1080 पिक्सेल रुंदीचा स्क्रीनशॉट 300 डीपीआयला जेमतेम नऊ सेंटिमीटर छापतो. बारा बाय अठराला त्याचा उपयोग नाही.

‘तुमचा फोटो तुमच्याच ब्राउझरमध्ये राहतो’ असं काही साइट लिहितात. ते खरं आहे का हे बघायला इन्कॉग्निटो खिडकीत साइट उघडावी, पूर्ण लोड होऊ द्यावी, मग वायफाय बंद करून फोटो निवडावा. काम झालं तर प्रक्रिया खरंच कॉम्प्युटरवर होते. निकाल उतरवून सगळ्या इन्कॉग्निटो खिडक्या बंद कराव्यात आणि त्यानंतरच वायफाय लावावं, नाहीतर नेट आल्याबरोबर पान फोटो पाठवू शकतं. वायफाय बंद केल्यावर चाक नुसतं फिरत राहिलं, तर फोटो बाहेर जातो असं धरून चालावं.

आजींची प्रिंट आम्ही त्या लिंकवरून काढलीच नाही. काकांनी घरून 1974 चा, कडा उडालेला फोटो आणला. तो 600 डीपीआयला स्कॅन करून इथेच साफ केला, नेट न लागता. ग्रुपवरच्या कुणी अपलोड केलेली फाइल उतरवून ठेवली असेल, तर तिच्या पोटात आत्या अजून आहेत. काकांनी ग्रुपवर डिलीट करा असं लिहिलं, का ते लिहिलं नाही.