पंधरा दिवसांसाठी सहा मदतनीस

वह्या, रोजनिश्या आणि लेखनसाहित्य यांचे संच खोक्यांत भरून पाठवण्याचा माझा छोटा व्यवसाय आहे. वर्षभर मी आणि एक सहकारी मिळून तो सांभाळतो. वर्षअखेरीच्या पंधरवड्यात मात्र कामाचा असा लोंढा येतो की बाहेरची माणसे घेतल्यावाचून गत्यंतर नसते. आदल्या वर्षी मी अंदाजाने चार जणांना बोलावले होते आणि त्यांना खोक्यामागे ठरावीक पैसे दिले होते. काम वेळेत संपले नाही, चुकीची खोकी परत येत राहिली, आणि जो मुलगा सर्वांत नीट काम करत होता त्याच्या हाती सर्वांत कमी पैसे पडले. या वर्षी म्हणून मी जाहिरात देण्याआधी घड्याळ घेऊन बसलो.

सहकाऱ्याला वीस खोकी सलग भरायला सांगितली. साहित्य काढण्यापासून पत्त्याचे लेबल लावण्यापर्यंत एका खोक्याला सरासरी 9 मिनिटे लागली. खोकी 2,800 होती, म्हणजे एकूण काम 420 तासांचे. पंधरवड्यात कामाचे दिवस 12, आणि दिवस आठ तासांचा असला तरी विश्रांती, माल आणणे, टेप संपणे, कचरा आवरणे हे सारे वजा जाता हाताला प्रत्यक्ष साडेसहा तासच मिळतात. आदल्या वर्षी मी पूर्ण आठ तास धरले होते, आणि गणित तिथेच फसले होते. सहकाऱ्याचे 78 तास वजा केल्यावर 342 तास उरले. स्वतःला मी हिशेबात धरले नाही, कारण सहा नवख्यांवर लक्ष ठेवणारा माणूस खोकी भरू शकत नाही. नवखा माणूस पहिल्या दिवशी पाव, दुसऱ्या दिवशी अर्धे आणि तिसऱ्या दिवशी पाऊण काम करतो असे मी गृहीत धरले. म्हणजे प्रत्येकाचा दीड दिवस शिकण्यात जाणार आणि त्याच्याकडून सुमारे 68 तासांचे काम होणार. भागाकार पाचच्या किंचित वर आला. कोणीतरी आजारी पडणारच, हे धरून मी सहा जण घ्यायचे ठरवले.

निवडीसाठी मुलाखती घेतल्या नाहीत. आलेल्या नऊ जणांना दोन तासांचे प्रत्यक्ष काम दिले आणि निवड झाली वा न झाली तरी त्या दोन तासांचे पैसे त्याच दिवशी दिले. एका यादीतली एक वस्तू मी मुद्दाम मांडणीवर ठेवली नव्हती. मला वेग पाहायचा नव्हता, वस्तू सापडली नाही तर माणूस काय करतो हे पाहायचे होते. सात जणांनी थांबून विचारले, दोघांनी खोके तसेच बंद केले. त्या सातांपैकी एकाला सर्व दिवस येणे शक्य नव्हते, त्यामुळे सहा जण आपोआप ठरले. प्रत्येकाला एका पानावर तारखा, वेळा, तासाचा दर, पैसे मिळण्याचे दोन दिवस आणि बराच वेळ उभे राहावे लागेल ही गोष्टसुद्धा लिहून दिली, आणि त्याच्या दोन प्रतींवर दोघांच्याही सह्या केल्या.

शिकवण्याची पद्धत मी उसनी घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना कारखान्यांत लवकर तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा उपक्रम चालवला गेला. त्यात चार पायऱ्या होत्या : शिकणाऱ्याची तयारी करणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतर लक्ष ठेवणे. यातली तिसरी पायरी बहुतेक जण घाईत उरकतात. मी प्रत्येकाला खोके भरता भरता आपण काय करतो आणि का करतो हे मोठ्याने बोलायला लावले. ‘समजले का?’ असे विचारले की सगळेच मान डोलावतात. पण वजनदार वस्तू तळाशी का ठेवायची, हे स्वतःच्या तोंडाने सांगताना न समजलेले लगेच उघडे पडते. शिवाय संपूर्ण काम एकदम शिकवले नाही. साहित्य काढणे, भरणे आणि तपासून लेबल लावणे अशी तीन टेबले केली. पहिले दोन दिवस प्रत्येकाने एकच टेबल सांभाळले आणि तिसऱ्या दिवसापासून अदलाबदल सुरू केली. टेबलाशेजारी एक नीट भरलेले आणि एक मुद्दाम चुकीचे भरलेले खोके उघडे ठेवले होते. लेखी सूचनांपेक्षा त्यांचाच अधिक उपयोग झाला.

तरीही चौथ्या दिवशी घोळ झालाच. प्रत्येक बंद खोके आम्ही काट्यावर ठेवत होतो, त्यामुळे एखादी वस्तू राहिली तर वजनातला फरक लगेच कळत असे. मात्र रेघांची वही आणि कोरी वही यांचे वजन सारखेच होते. एकीच्या जागी दुसरी गेली, तर काट्याला त्याचा पत्ताच लागत नव्हता. कोऱ्या वह्यांचा गठ्ठा अपेक्षेपेक्षा लवकर संपत आला, तेव्हा मला शंका आली. त्या दिवशीची साठ खोकी दोघांना पाच तास बसवून उघडायला लावली. चौदा चुकीची निघाली. दोष भरणाऱ्यांचा नव्हता. एकाच रंगाच्या मुखपृष्ठांचे दोन गठ्ठे मी शेजारी शेजारी मांडले होते. ते खोलीच्या दोन टोकांना हलवले, आणि त्यानंतर ही चूक पुन्हा झाली नाही.

खोक्यामागे पैसे दिले असते, तर हे पाच तास त्या दोघांच्या खिशातून गेले असते. म्हणूनच या वर्षी मी तासाचा दर ठेवला होता. तो कायद्याच्या किमान वेतनाहून थोडा अधिक होता, सर्वांना सारखा होता, आणि शिकण्याचे तासही त्यात धरले होते. तपासणीच्या टेबलावर मात्र तासाला थोडे जास्त मिळतील, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगितले होते, आणि अदलाबदलीमुळे ती संधी प्रत्येकाला मिळाली. रोज संध्याकाळी प्रत्येक जण आपले तास वहीत स्वतः लिहून सही करी. माल नेणारी गाडी एकदा उशिरा आली आणि दोघांना दीड तास थांबावे लागले, तो वेळ मी दुप्पट दराने धरला.

एक मदतनीस मध्ये दोन दिवस आजारी होता, तरीही काम अकराव्या दिवशीच संपले. बाराव्या दिवसाचे काय, हा प्रश्न मी आधी सोडवून ठेवला नव्हता, ही माझी चूक. चटपटीत काम केले म्हणून एका दिवसाचे पैसे बुडावेत, हे मला पटेना. पानावर बारा दिवस लिहिले होते, म्हणून बारा दिवसांचेच पैसे दिले. दोघे त्या दिवशी माल मोजायला आपणहून आले, बाकीचे आले नाहीत. शेवटी वाटायची बक्षिसाची रक्कम प्रत्येकाच्या तासांच्या प्रमाणात विभागली. ‘एकही दिवस न चुकवणाऱ्याला बक्षीस’ अशी अट घातली असती, तर आजारी पडलेल्याला दोनदा फटका बसला असता.

पाकिटे देताना प्रत्येकाला वहीतले आपले पान समोर ठेवून बेरीज करायला सांगितले. एकीने दोनदा बेरीज केली आणि चाळीस मिनिटे कमी धरल्याचे दाखवले. वही बरोबर होती, पाकिटावरचा आकडा उतरवताना मीच चुकलो होतो. ते पैसे तिथेच वेगळे काढून दिले आणि मग उरलेल्या पाचही पाकिटांची बेरीज पुन्हा तपासायला बसलो.