शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर निवडताना

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीला दोन सुपरवायझर हवे होते. एक दुसऱ्या शिफ्टला, मोल्डिंग आणि ओतकामाच्या लाईनवर. दुसरा दिवसपाळीला, कोअर शॉप म्हणजे कास्टिंगच्या आतल्या पोकळीसाठी वाळूचे गाभे बनवतात तो विभाग, आणि फेटलिंग म्हणजे कास्टिंगची साफसफाई बघायला. बाहेरून माणूस आणायचा नाही, आपल्यातलाच वर चढवायचा, असं मालकांनी ठरवलं होतं. असल्या निवडी करून देणं हाच माझा धंदा, म्हणून मला बोलावणं आलं.

मी पोचले तेव्हा मालकांच्या टेबलावर एक छापील फॉर्म तयारच होता. आत्मविश्वास, बुद्धी, व्यक्तिमत्त्व, निर्णयशक्ती, वाणी, प्रामाणिकपणा असे दहा गुण आणि प्रत्येकाला दहापैकी मार्क. मालक, वर्क्स मॅनेजर आणि एचआरचा मुलगा अशा तिघांनी चार उमेदवारांचे फॉर्म आदल्या दिवशीच भरले होते. लाईनवरचा एक उंचापुरा, खणखणीत आवाजाचा गडी सगळ्यांत वर आला होता.

"बघा मॅडम, आमचं झालंय. तुम्ही नुसतं शिक्कामोर्तब करा. लीडर जन्मावा लागतोय, बनवता येत न्हाई," मालक म्हणाले. त्यांच्या मागे भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो होता. त्याच्याकडे हात करत त्यांनी विचारलं, "हे काय ट्रेनिंगला गेल्ते व्हय?"

कोल्हापुरात या मुद्द्यावर वाद घालायचा म्हणजे जपून बोलावं लागतं. पण मालकांचं म्हणणं तसं जुनंच आहे. लेखक थॉमस कार्लाइलने १८४० साली लंडनमध्ये व्याख्यानं देऊन हेच मांडलं होतं, की जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांचं चरित्र. पुढे तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरने उलट बाजू लावून धरली: थोर पुरुष समाज घडवतो हे खरं मानलं, तरी आधी समाज त्याला घडवतो. मी मालकांना स्पेन्सर नाही सांगितला, कागल सांगितलं. १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा यशवंत कोल्हापूरच्या गादीला दत्तक आला. तो आला नसता तर बुद्धी आणि कणव तीच राहिली असती, पण १९०२ चा राखीव जागांचा हुकूम काढायला गादीही लागते. आणि ट्रेनिंगचं म्हणाल तर राजकोटचं राजकुमार कॉलेज आणि धारवाडला त्यांचे शिक्षक फ्रेझरसाहेब यांच्या हाताखालची वर्षं होतीच की. मालक हसले. पटलं नव्हतं, पण "बरं, सांगा काय करायचं" एवढं तरी तोंडातून आलं.

मी फॉर्म चाळले. उंच गड्याला वर्क्स मॅनेजरने व्यक्तिमत्त्वात नऊ दिले होते, मग आत्मविश्वासात नऊ, बुद्धीत आठ आणि प्रामाणिकपणातही नऊ. भट्टीवरच्या अबोल माणसाला सगळीकडे पाच नाहीतर सहा. दहा वेगळे गुण मोजले असते तर आकडे असे एका रेषेत आले नसते. म्हणजे एकच छाप मनात धरून ती दहा रकान्यांत वाटली गेली होती. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० साली लष्करी अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांत नेमकं हेच पकडलं. वरिष्ठ ज्याच्या शरीरयष्टीला चांगले मार्क देत, त्याच्या बुद्धीला, नेतृत्वाला आणि चारित्र्यालाही चांगलेच देत.

याचा अर्थ गुणांना काही किंमतच नाही असा नव्हे. नेतृत्वाचा अभ्यासक राल्फ स्टॉगडिलने १९४८ साली आधीच्या चार दशकांतले १२४ अभ्यास एकत्र करून तपासले. त्याचा निष्कर्ष बरेच जण अर्धाच सांगतात. गुणांचा नेतृत्वाशी संबंध असतो, हे त्याने मान्यच केलं होतं. बुद्धी, जबाबदारीची जाणीव, लोकांत मिसळणं यांत नेता गटाच्या सरासरीपेक्षा वर असतो. उंचीचाही संबंध होता, सहसंबंध सरासरी ०.३० च्या आसपास. पण ०.३० चा वर्ग होतो ०.०९. म्हणजे माणसामाणसांतला फरक शंभर धरला तर त्यातला नऊचा हिस्सा उंचीशी जुळतो, बाकी एक्क्याण्णवचा उंचीशी काही संबंध नाही. शिवाय हे आकडे अभ्यासागणिक बदलत होते. एका गटात जो गुण माणसाला पुढे आणतो, तो दुसऱ्या गटात काहीच करत नाही. म्हणून स्टॉगडिल म्हणाला की गुणांचा संच असला म्हणून कोणी नेता होत नाही. त्या गुणांचा त्या लोकांशी आणि त्यांच्या कामाशी मेळ बसावा लागतो. संशोधक गुणांकडून वागणुकीकडे आणि परिस्थितीकडे वळले ते इथून.

मी मालकांकडे एक दिवस मागितला. कसोटी वेगळी बनवायची नाही, त्या दिवशी जे काम येईल तेच. प्रत्येक कामानंतर तिथल्या माणसांनी एका चिठ्ठीवर लिहायचं: या कामात तुम्ही कुणाचं ऐकाल? पहिलं नाव आणि दुसरं नाव.

पहिलं काम आपणहून आलं आणि ते अवघड निघालं. दुपारी एसजी आयर्न नावाच्या चिवट लोखंडाचा हीट, म्हणजे भट्टीचा एक घाणा होता. यात वितळलेल्या लोखंडाला मॅग्नेशियमची ट्रीटमेंट देतात, म्हणजे आतलं ग्राफाइट गोळ्यांच्या आकारात बसतं आणि कास्टिंग चिवट होतं. पण मॅग्नेशियम उडत राहतं. इथे नियम होता की ट्रीटमेंटपासून आठ मिनिटांत लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड वाहून नेणारी बादली, रिकामी झालीच पाहिजे. उशीर झाला तर कास्टिंग दिसायला नीट निघतं, पण आतून ठिसूळ. लॅडल उचलली आणि मोल्डची लाईन मधेच अडकली. एक बॉक्स तिरका बसला होता.

उंच गडी धावला. "ए, लावा पहार! उचला! चला चला!" आवाज साऱ्या शेडमध्ये घुमला. पाचसहा जण पहार घेऊन भिडले, पण कोण कुठून रेटतोय याचा मेळ नव्हता. भट्टीवरचा माणूस मनगटावरचं घड्याळ बघत उभा होता. तो क्रेनवाल्याजवळ गेला आणि साध्या आवाजात म्हणाला, "मामा, अडकलेल्याच्या पुढं चार बॉक्स मोकळं हायेत. तेवढं ओता. उरलेलं पिग करा." क्रेनवाल्या मामांनी मॅनेजरकडे बघितलंसुद्धा नाही. चार बॉक्स ओतून झाले, उरलेलं लोखंड पिगच्या साच्यात गेलं, परत भट्टीत घालण्यासाठी. मग तो लाईनकडे वळला, पहारवाल्यांपैकी तिघांना बाजूला केलं आणि उरलेल्यांना म्हणाला, "आता डाव्या अंगानं." बॉक्स सरळ झाला. चिठ्ठ्यांवर पहिलं नाव बहुतेक सगळ्यांनी त्याचंच लिहिलं.

दुसरं काम जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या सुट्टीचं. फेटलिंगमध्ये सगळ्यांनाच डोंगरावर जायचं होतं आणि निम्मी माणसं तर थांबायला हवी होती. भट्टीवरचा माणूस इथे दोन मिनिटं उभा राहिला आणि "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून निघून गेला. प्रश्न सोडवला कोअर शॉपमधल्या ताईंनी. त्यांनी आधी मागच्या वर्षी कोण थांबलं होतं ते एकेकाला विचारून वहीत लिहिलं, मग ज्यांच्या घरची सासनकाठी आहे त्यांना बाजूला काढलं, आणि उरलेल्यांत चिठ्ठ्या टाकल्या. कुरकूर झाली, पण दोघांचीच.

तिसरं काम गिऱ्हाईक कंपनीच्या क्वालिटी इंजिनिअरला ब्लो होलचं, म्हणजे वायूमुळे कास्टिंगमध्ये पडलेल्या पोकळ्यांचं रिजेक्शन समजावून सांगणं. तिथे उंच गडी चोख निघाला. वाळूतला ओलावा त्या आठवड्यात कसा वाढला होता हे त्याने न अडखळता, नजरेला नजर देऊन सांगितलं. इंजिनिअरही खूश.

इथवर सगळं परिस्थितीच्या बाजूने. तीन कामं, तीन माणसं. पण दुसऱ्या नावाच्या चिठ्ठ्या मोजल्या तेव्हा गंमत दिसली. चौथा उमेदवार, डिप्लोमा केलेला पोरगा, पहिला कुठेच नव्हता, आणि तिन्ही कामांत दुसरा होता. १९६२ साली डीन बार्नलंड या संशोधकाने माणसं आणि कामं दोन्ही अदलाबदल करून बघितली, तेव्हा नेता कामागणिक बदलतो असाच निष्कर्ष निघाला. १९८३ मध्ये केनी आणि झकारो या मानसशास्त्रज्ञांनी त्याचीच आकडेवारी पुन्हा मांडली. नेतृत्वाच्या पसंतीतला ४९ ते ८२ टक्के फरक माणसाबरोबरच फिरतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे माणसात काहीतरी टिकाऊ असतंच, पण ते उंची-आवाजासारखं एकेरी नसावं. या गटाला आत्ता काय हवंय हे ओळखून वागणं बदलता येणं, असं काहीतरी ते असावं, असा त्यांचा अंदाज. माझं मत त्या पोराच्या बाजूने झुकलं. दुसऱ्या शिफ्टला मॅनेजर नसतो. ओतकामही येतं आणि सुट्टीची भांडणंही. अर्थात एका दिवसाच्या चिठ्ठ्यांवर पैज लावावी एवढा पुरावा हा नव्हता, तेही मी सांगितलं.

मालकांनी ताईंना दिवसपाळी दिली, त्यावर वाद झाला नाही. दुसऱ्या शिफ्टला मात्र त्यांनी भट्टीवरचा माणूस घेतला. "लोखंड वाया गेलं तर पैसं जात्यात. भांडणं काय, मिटत्यात," म्हणाले. हिशोब म्हणून चूक नव्हता. "आन् माणसांशी बोलाय शिकवाय त्याला पुण्याला कोर्सला धाडू की."

यावर मी त्यांना मानसशास्त्रज्ञ एडविन फ्लाइशमनचं काम सांगितलं. १९४५ पासून ओहायो स्टेट विद्यापीठात नेत्याच्या वागणुकीची जवळपास अठराशे वाक्यं गोळा करून गाळली गेली. त्यातून मुख्य दोनच धागे उरले: माणसांची कदर करणं आणि काम आखून देणं. फ्लाइशमनने इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे फोरमन अभ्यासले. शिकागोच्या ट्रेनिंग स्कूलमधून बाहेर पडताना फोरमन कदरीच्या बाजूला सरकलेले असत. कारखान्यात परत आले की तो परिणाम विरून जाई. जो फोरमन ज्या साहेबाच्या हाताखाली, त्याची वागणूक त्या साहेबासारखी.

मालक वर्क्स मॅनेजरकडे बघायला लागले. लाईन अडकली तेव्हा तो केबिनमधून फोनवर "कोण जबाबदार? नाव द्या" एवढंच विचारत होता, हे दोघांनाही आठवत होतं. मॅनेजर चहाचा कप फिरवत बसला.

"म्हंजे कोर्सला ह्यांनाबी धाडायचं?" मालकांनी विचारलं.

"ह्यांना आधी," मी म्हटलं. "आणि तुम्ही रात्री नऊला सुपरवायझरला सोडून थेट भट्टीवर फोन करता, तो बंद."

फोनचं त्यांनी लगेच कबूल केलं नाही. सहा महिने तात्पुरती नेमणूक करू, डिप्लोमावाल्या पोराला त्याच शिफ्टला त्याच्या हाताखाली ठेवू, आणि यादीतला व्यक्तिमत्त्वाचा रकाना खोडू, एवढ्यावर आमचं ठरलं. वाणीचा रकाना मात्र त्यांनी राहू दिला.