बाळूला नाही म्हणायचं होतं, पण कशावर?

आज गुरुवार. आठवडाभर डोक्यात एकच विषय चाललाय म्हणून लिहून काढते.

रविवारी दुपारी मामाच्या मुलाचा, बाळूचा, खानापूरहून व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आला, "अक्का, सोसायटीत गाडीसाठी 4 लाखांचं कर्ज काढतोय, दोन जामीनदार पाहिजेत, एक मिळालाय, तुझी पगाराची स्लिप आणि आधार पाठव की". खाली हात जोडलेला इमोजी. मी उद्यमबागेत एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, पगार बँकेत जमा होतो, त्यामुळे अशा वेळी नातेवाइकांना पहिलं माझंच नाव आठवतं, आणि त्यात बाळूचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

पण मी जामीन राहणार नव्हते, हे मेसेज वाचतानाच ठरलं होतं. आप्पा एका सहकाऱ्याला जामीन राहिले होते, त्याने हप्ते थकवले आणि वसुली आप्पांच्या पगारातून झाली, मी तेव्हा नववीत होते. लोक म्हणतात नुसती सही तर आहे, पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 असं सांगतं की वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे आधी कर्जदाराकडून वसूल करा, नाही मिळालं तरच माझ्याकडे या, असं मला म्हणता येत नाही. आणि पुढच्या वर्षी मला स्वतःला घराचं कर्ज काढायचंय.

नाही म्हणायचं हे पक्कं होतं. प्रश्न होता मेसेज करू, व्हॉइस नोट पाठवू की फोन करू.

आधी मेसेजच टाइप केला, "सॉरी बाळू, जमणार नाही". वाचून बघितला आणि पुसला. त्याच दिवशी गल्लीतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर राजहंसगडाला जायचं ठरत होतं, तिथे मी "मला नाही जमणार गं, तुम्ही जाऊन या" एवढंच लिहिलं आणि विषय संपला, कारण माझ्या न येण्याने तिथे कुणाचं काहीच अडणार नव्हतं. बाळूचं मात्र कर्ज अडणार होतं. त्याला तेवढीच ओळ पाठवली असती तर ती त्याने मामीला दाखवली असती, आणि मामीला त्यात माझा आवाज ऐकू आला नसता, नुसता नकार दिसला असता.

मग व्हॉइस नोट केली, 2 मिनिटं 40 सेकंद. ती पण पाठवली नाही. मागच्या वर्षी मावशीने माझ्यासाठी एक स्थळ आणलं होतं, मी नकाराची व्हॉइस नोट पाठवली, मुलाच्या नोकरीबद्दल मोकळेपणाने बोलले, आणि मावशीने स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता ती स्पीकरवर लावली तेव्हा मुलाची आत्या तिथेच चहा पीत बसलेली होती. माझ्या फोनवर माइक निळा झाला म्हणजे मावशीने ऐकलं एवढंच मला कळलं, पण आजूबाजूला कोण होतं ते कळायची काही सोयच नव्हती. नंतर डिलीट करून उपयोग काय, कानावर गेलेलं गेलंच. आणखी एक, व्हॉइस नोटमध्ये समोरचा मध्ये "हं" म्हणत नाही, म्हणून आपण गप्प होत नाही, कारणावर कारण देत जातो, माझ्या त्या 2 मिनिट 40 सेकंदांत आप्पांची अख्खी गोष्ट येऊन गेली होती आणि नाही हा शब्द अगदी शेवटी. तरी आजीला मी व्हॉइस नोटच पाठवते, तिला वाचायला त्रास होतो, आणि यंदा यात्रेला येत नाही एवढंच सांगायचं असलं तर ते चारचौघांनी ऐकलं तरी काय बिघडतं.

म्हणजे फोनच. पण एकदम फोन लावला नाही, बाळू दिवसभर दुसऱ्याच्या टेम्पोवर असतो आणि जांबोटीच्या बाजूला गेला की रेंज जाते, अर्धं वाक्य पोचलं की फोन कट. सोमवारी मेसेज टाकला, "जामिनाबद्दल बोलायचंय, आज रात्री 8 ला घरी असशील काय?" हे मुद्दाम, म्हणजे विषय कळतो, तयारी होते, आणि कागद पाठवले असते तर बोलायचं कशाला एवढं तोही ओळखतो.

आठला लावला. "बोल की अक्का, काय करालीस?" म्हणाला. मी जेवणखाण विचारलं आणि लगेच सांगितलं, "बाळू, मी जामीन राहू शकत नाही. तुझ्यावर विश्वास नाही असं नाही रे, आप्पांचं झालं तेव्हापासून कुणालाच राहायचं नाही असं मी ठरवलंय." मग गप्प बसले. तो पण गप्प. तिकडे टीव्हीवर कन्नड बातम्या चालल्या होत्या, त्या ऐकू येत होत्या. दहा सेकंद असतील, पण तेवढ्यात माझ्या तोंडावर "बरं बघते मी" आलं होतं, ते मी गिळलं. आपल्याकडे बघते म्हणजे होच धरतात, आणि मग आपण तिसऱ्या आठवड्यात नाही म्हटलं की फसवल्यासारखं होतं. शेवटी तो म्हणाला, "असूदे. पण अक्का, फॉर्मवर तुझं नाव घातलंय मी, शनिवारी मीटिंग आहे त्यांची."

हे मला माहीतच नव्हतं! मेसेजवर नाही म्हटलं असतं तर तो रागाने गप्प बसला असता आणि हे कळलं नसतं. तिथेच त्याला विचारलं, मी सोसायटीला लेखी कळवू काय, तो म्हणाला कळव. डाउन पेमेंटला 15 हजार देते म्हटलं, आत्ता परत नको. फोन ठेवल्यावर दोन ओळी पाठवल्या, "बोललो तसं, जामीन राहणं जमणार नाही. 15 हजार शुक्रवारी पाठवते." ते नंतर कुणी "हो म्हणाली होती" म्हणू नये यासाठी.

सोसायटीला मात्र फोन नाही, तिथे काउंटरवर कोण उचलेल आणि काय लक्षात ठेवेल कुणास ठाऊक. मंगळवारी ईमेल केला, विषय लिहिला "जामीनदार म्हणून संमती नसल्याबाबत", आत बाळूचं पूर्ण नाव, कर्जाची रक्कम आणि एवढंच, "माझे नाव जामीनदार म्हणून अर्जात असल्याचे समजले. मी कोणत्याही कागदावर सही केलेली नाही व जामीन राहण्यास माझी संमती नाही. कृपया नाव वगळून लेखी कळवावे." आप्पांचं कारण, घराचं कर्ज, सॉरी, यातलं काहीच नाही, ते बाळूसाठी होतं. छोट्या संस्थेत ईमेल कोण उघडेल याची खात्री नाही म्हणून हेच पत्र प्रिंट काढून, सही करून काल हाफ डे टाकून खानापूरला स्वतः देऊन आले, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतली. क्लार्कने आत ठेवून घ्या म्हणून बाईंना हाक मारली, मी म्हटलं आधी पोच द्या.

बाळूला दुसरा जामीनदार मिळालाय, त्याच्या मालकाचा भाऊ. मामीचा फोन नाही अजून. तिला मी पण फोन करणार नाही, रविवारी कुंदा घेऊन घरीच जाते, जे काय म्हणायचंय ते समोर म्हणू दे.