४.४ आणि ८.१६ मिळून १० कसे?

प्रयोग दिसायला अगदी साधा होता. ट्रान्सफॉर्मरमधून मिळणारे ५० हर्ट्झचे १० व्होल्ट, आणि त्याला सिरीजमध्ये जोडलेला २२ ओहमचा रेझिस्टर व एक जड कॉइल. मल्टिमीटर रेझिस्टरवर ४.४ व्होल्ट दाखवत होता, कॉइलवर ८.१६. बेरीज १२.५६. सप्लाय मात्र कितीही वेळा मोजला तरी १० च.

फेजर म्हणजे काय हे वर्गात शिकून झालं होतं, पण त्याची गरज मला त्या टेबलापाशी कळली. कॉइलवरचं व्होल्टेज करंट किती आहे यावर नाही, तर तो किती वेगाने बदलतोय यावर ठरतं. साइन वेव्हमध्ये करंट शून्यातून जातो तेव्हा सर्वात वेगाने बदलतो, आणि शिखरावर क्षणभर बदलतच नाही. म्हणून कॉइलचं व्होल्टेज करंटच्या पाव सायकल पुढे चालतं, ५० हर्ट्झला ५ मिलिसेकंद. दोन्ही व्होल्टेज एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. प्रत्येक क्षणी त्यांची बेरीज सप्लायइतकीच असते, पण मीटर फक्त आरएमएस आकडा दाखवतो, ती वेळ दाखवत नाही. फेजर म्हणजे असा बाण, जो आकड्यासोबत वेळेतला हा फरकही कोन म्हणून धरून ठेवतो; पाव सायकल म्हणजे काटकोन.

मग मी करंटची दिशा आडवी धरली, ४.४ चा बाण आडवा काढला, ८.१६ चा त्याला काटकोनात उभा. कर्ण आला ९.२७. अजूनही ०.७३ व्होल्ट कमी. मीटर बदलून पाहिला, तारा घट्ट केल्या, फरक पडेना. सरांनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्स मोजलात का?"

कॉइल सोडवून ओहम रेंजवर लावली: ८ ओहम. कॉइल म्हणजे शेवटी लांबलचक तांब्याची तार. सर्किटमधला करंट ४.४ भागिले २२, म्हणजे ०.२ अँपिअर. त्यामुळे कॉइलच्या ८.१६ मध्ये १.६ व्होल्ट आडवे होते आणि ८ व्होल्ट उभे. तिचा बाण काटकोनात नव्हताच, थोडा कललेला होता. आता आडवी बाजू ४.४ अधिक १.६, म्हणजे ६. उभी ८. कर्ण बरोबर १०. (आमची कॉइल लोखंडी गाभ्याची नव्हती. तसा गाभा असता तर त्यातला लॉसही धरावा लागला असता आणि ओहममीटरच्या आकड्यावर भागलं नसतं.)

या बाजूंना ०.२ ने भागलं की सर्किटचा करंटला होणारा एकूण विरोध, म्हणजे इम्पिडन्स मिळतो:

Z = 30 + j40 Ω

त्याचं मान ५० ओहम, कोन सुमारे ५३ अंश. इथला j म्हणजे 'पाव सायकल पुढे' एवढंच. ४० ला ३१४ ने, म्हणजे 2π × ५० ने, भागून इंडक्टन्स ०.१२७ हेन्री आला. हे गणित एकाच फ्रिक्वेन्सीला आणि सर्किट स्थिरावल्यावरच लागू पडतं. स्विच लावल्याक्षणीचा ट्रान्झियंट यात बसत नाही. आमच्या सर्किटमध्ये तो साधारण एका सायकलमध्ये मावळत होता.

पुढे वॉटमीटर लावला. १० व्होल्ट, ०.२ अँपिअर, म्हणजे २ व्हीए. मीटरवर मात्र १.२ वॉट. पॉवर फॅक्टर ०.६, म्हणजे ५३ अंशांचा कोसाइन. कॉइल एका पाव सायकलमध्ये ऊर्जा साठवते आणि पुढच्या पाव सायकलमध्ये परत करते. ही देवाणघेवाण १.६ व्हीएआरची. तिच्यातून काम काहीच होत नाही, पण तिचा करंट सप्लायच्या तारेतून जातो आणि तार तापवतो.

ते डोळ्यांनी दिसलं ५० मायक्रोफॅरडचा एसी कपॅसिटर सर्किटला पॅरलल लावल्यावर. एक अँमीटर सप्लायच्या तारेत होता, दुसरा कॉइलच्या फांदीत. पहिला ०.२ वरून ०.१२ वर उतरला. दुसरा ०.२ वरच राहिला, वॉटमीटर १.२ वरच. कॉइलची देवाणघेवाण थांबली नव्हती, ती आता शेजारच्या कपॅसिटरशी चालली होती आणि तारेवरचा तो भार गेला होता. तारेतला लॉस करंटच्या वर्गावर ठरतो, म्हणजे तो ३६ टक्क्यांवर आला. वीज कंपन्या मोठ्या ग्राहकांच्या पॉवर फॅक्टरवर लक्ष ठेवतात ते यासाठीच.

अजून एक कपॅसिटर लावला तर करंट आणखी कमी होईल, असं मला वाटलं. १०० मायक्रोफॅरड झाल्यावर तारेतला करंट पुन्हा ०.१९५ वर चढला. अँमीटरवर हा आकडा जवळजवळ सुरुवातीसारखाच दिसत होता. पण वहीतल्या आकृतीत सप्लायच्या करंटचा बाण, जो आधी व्होल्टेजच्या खाली होता, तो आता वर गेला होता.